सत्तर वॅटचा वाद

ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज कमी करणाऱ्या माणसाबद्दल जाणकारांमध्ये एक ठरलेलं मत आहे. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ते ऐकू येतं, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात ऐकू येतं, आणि दर वेळी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव असते. कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून चिप बनवली, तिला किती व्होल्ट लागतात ते मोजून ठरवलं, आणि हे महाशय घरी बसून तो आकडा खाली ओढतात. म्हणजे रोख पैसे देऊन घेतलेली ताकद पंख्याच्या आवाजाला कंटाळून परत करतात. वर कार्ड खराब होण्याची जोखीम आहे ती वेगळीच.

हे मत शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच ते टिकून आहे. त्याचा पाया मात्र एका गैरसमजावर उभा आहे: कारखान्यातून आलेलं व्होल्टेज तुमच्या कार्डासाठी ठरवलेलं असतं, हा तो गैरसमज. तसं ते कधीच नसतं. हवेत बोलण्यापेक्षा एकच कार्ड घेऊन बोलू. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८०, सप्टेंबर २०२० मध्ये बाजारात आलेलं, सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेलं, अधिकृत वीजवापर ३२० वॅट. आज ते सेकंड-हँड बाजारात भरपूर फिरतं आहे आणि उन्हाळ्यात खोली तापवण्यात त्याचा हात धरणारी कार्डं थोडी आहेत.

एकाच तबकडीतून कापलेल्या दोन चिप सारख्या नसतात. एकीला १८०० मेगाहर्ट्झवर स्थिर चालायला ८०० मिलिव्होल्ट पुरतात, शेजारचीला ८७५ लागतात. कंपनीला हजारो चिप एकाच नावाने विकायच्या असतात. प्रत्येकीची तासन्तास परीक्षा घेऊन तिचा नेमका आकडा काढणं परवडत नाही. मग व्होल्टेज असं ठेवलं जातं की पास झालेल्यांतली सगळ्यात कमकुवत चिपसुद्धा, जुनी झाल्यावर, तापलेल्या डब्यात, बेताच्या पॉवर सप्लायवर अडखळणार नाही. शाळेचा गणवेश शिवताना वाढत्या अंगाचा शिवतात, तसलाच हा प्रकार. इंजिनिअरांचं यात काहीही चुकलेलं नाही. त्यांनी सोडवलेला प्रश्न हजारो कार्डांचा आहे, तुमचा एका कार्डाचा आहे, आणि दोन्हींचं उत्तर एकच यावं असा नियम नाही.

यात दुसरीही एक गोष्ट मिसळते. नवीन कार्डाचं परीक्षण होतं तेव्हा तक्त्यात ते प्रतिस्पर्ध्याच्या वर दिसणं महत्त्वाचं असतं. शेवटच्या तीन-चार टक्क्यांसाठी कंपनी चिपला आलेखाच्या अशा टोकाला नेऊन ठेवते, जिथे थोड्या वेगासाठी भरमसाट वीज मोजावी लागते. ते टोक किती महाग आहे ते गणितानेच पाहू. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्यात जी वीज जाते तिचं सूत्र शाळकरी आहे:

```
P = C × V² × f
```

इथे C म्हणजे चिपची विद्युतधारिता, जी एकाच कामासाठी जवळपास ठरलेली असते. V म्हणजे व्होल्टेज आणि f म्हणजे क्लॉक. वेग एकपट मोजला जातो, व्होल्टेज मात्र वर्गाने. सगळा वाद या वर्गात आहे.

समजा आपलं ३०८० एखाद्या जड गेममध्ये १८७५ मेगाहर्ट्झ आणि १.००० व्होल्टवर चालतं आहे. एकूण ३२० वॅटपैकी साधारण २२० वॅट मुख्य चिपचे धरू. उरलेले शंभरेक वॅट मेमरी, पंखे आणि व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचे. आता चिपला ०.८५० व्होल्ट आणि १८०० मेगाहर्ट्झवर आणलं. व्होल्टेजचा वर्ग ०.७२ झाला, क्लॉक ०.९६ पट झाला, गुणाकार ०.६९. म्हणजे २२० चे झाले १५२ वॅट. मेमरीचा वाटा तसाच राहील असं धरलं तरी कार्ड ३२० वरून अडीचशेच्या घरात आलं. सत्तर वॅट गेले, आणि त्या बदल्यात क्लॉक घटला चार टक्के. गेमच्या फ्रेम तर चार टक्केही घटत नाहीत, कारण मेमरीचा वेग आपण सोडलेला नाही. सेकंदाला १०० फ्रेम मिळत होत्या तिथे ९७ मिळतील. हा फरक मोजायला यंत्र लागतं, डोळ्यांना तो दिसत नाही.

‘ताकद परत केली’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: शेवटच्या तीन फ्रेमसाठी सत्तर वॅट जाळणं हा सौदा तुम्ही स्वतः केला होता का? तो कारखान्याने तुमच्या वतीने केला, आणि तुम्ही त्याची वकिली करता आहात.

आता पंखा. कूलरवरचे पंखे एकाच गतीने फिरत असतील तर चिपचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा किती चढेल हे ढोबळमानाने वॅटच्या प्रमाणात असतं. खोली ३२ अंशांवर, चिप ७२ वर, म्हणजे चढण ४० अंशांची. ३२० चे २५० वॅट झाले की तीच चढण ३१ वर येते. आता दोन वाटा आहेत. पंखा तसाच ठेवून चिप ६३ अंशांवर चालवा, किंवा चिपला ७० च्या आसपास राहू द्या आणि पंखा उतरवा. मी दुसरी वाट घेईन, कारण सिलिकॉनला ६३ आणि ७० मधला फरक विशेष कळत नाही, कानाला मात्र पंख्याचा फरक लगेच कळतो. पंख्याच्या आवाजाचा ढोबळ नियम असा की तो गतीच्या पाचव्या घाताने वाढतो. मिनिटाला २१०० फेऱ्यांवरून १५०० वर आलात तर सात डेसिबल कमी होतात. दहा डेसिबल उतरले की आवाज निम्मा वाटतो असं मानतात. त्या हिशेबाने सात म्हणजे हेडफोन न लावताही खेळता येईल, इतका फरक.

इथे कुणी तरी म्हणतोच: आवाजाचाच प्रश्न असेल तर मोठा कूलर असलेलं कार्ड घ्या, डब्यात आणखी दोन पंखे लावा. जरूर लावा. पण पंखा उष्णता नाहीशी करत नाही, ती चिपकडून उचलून खोलीत टाकतो. तीन पंख्यांचं कार्ड असो की पाण्याचं कूलिंग, ३२० वॅट शेवटी तुमच्याच खोलीत येतात. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात दार लावून बसलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कमी उष्णता हवी असेल तर ती मुळात कमी निर्माण करावी लागते, आणि व्होल्टेज उतरवणं म्हणजे नेमकं तेच. वीजबिलाचा मुद्दा मात्र मी या बाजूने वापरणार नाही. रोज चार तास खेळलात तर सत्तर वॅटने दिवसाला पाव युनिटच्या थोडी वर बचत होते, आणि त्याच्यासाठी कुणी एवढी खटपट करावी असं मला वाटत नाही.

‘कंपनीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं’ हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. म्हणून कंपन्या स्वतः काय करतात ते पाहावं. २०१७ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी मॅक्स-क्यू नावाची कार्डं आणली. त्यातल्या जीटीएक्स १०८० मॅक्स-क्यूमध्ये डेस्कटॉपच्या १०८० इतकेच २५६० कोअर आहेत. डेस्कटॉपचं कार्ड १८० वॅटचं, मॅक्स-क्यू ९० ते ११० वॅटचं. तीच चिप, आलेखाच्या काटकसरी भागात चालवलेली. त्याला कुणी ताकद परत करणं म्हटलं नाही, उलट पातळ लॅपटॉप म्हणून चढ्या भावाने विकलं. एएमडीने तर आपल्या ड्रायव्हरमध्येच चिप आपोआप अंडरव्होल्ट करणारं बटण दिलं आहे. आणि ३०८० ची स्वतःची कहाणी पाहा. बाजारात आल्यावर पहिल्याच पंधरवड्यात अनेकांची कार्डं गेममधून धाडकन डेस्कटॉपवर आपटू लागली. बरीच चर्चा कार्डामागच्या कपॅसिटरांची झाली. सप्टेंबरअखेरीस ४५६.५५ क्रमांकाचा ड्रायव्हर आला आणि तक्रारी बऱ्याच थांबल्या. त्यानंतर अनेक परीक्षकांना सर्वोच्च क्लॉक किंचित उतरलेला दिसला. कारखान्याचा आकडा पवित्र असता तर कारखान्याला तो दोन आठवड्यांत हलवावा लागला नसता.

विजेचा थोडा अभ्यास केलेले लोक एक आक्षेप वेगळा घेतात. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तेव्हा व्होल्ट कमी केले की अँपिअर वाढणार आणि सर्किट जळणार. चिपला ठरावीक वॅट लागतातच असं धरलं तरच हे खरं ठरेल, आणि वरचं सूत्र सांगतं की तसं नसतं. आपल्याच उदाहरणात आधी २२० वॅट भागिले १ व्होल्ट म्हणजे २२० अँपिअर वाहत होते. नंतर १५२ भागिले ०.८५ म्हणजे १८० च्या खाली. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही उतरले. व्होल्टेज उतरवल्याने चिप जळत नाही. फार उतरवलं तर गणित चुकतं आणि ड्रायव्हर बंद पडतो, एवढंच. कार्डाच्या बायोसमध्ये काही लिहिलं जात नसल्यामुळे संगणक पुन्हा सुरू केला की सगळं मूळपदावर येतं.

इथपर्यंतचे आक्षेप सोपे होते. खरा आक्षेप एकच आहे आणि तो घेणारी माणसं जाणती आहेत. ती म्हणतात: वॅटच कमी करायचे ना? मग आलेखाशी कशाला खेळता? पॉवर लिमिट खाली आणा आणि मोकळे व्हा. लिनक्सवर तर ती एका ओळीची गोष्ट आहे:

```
sudo nvidia-smi -pl 250
```

कार्ड अडीचशे वॅटच्या वर जाणार नाही आणि कारखान्याने तपासलेल्या आलेखाबाहेरही जाणार नाही. मग अंडरव्होल्टिंगला वेगळं काय साधतं?

याचं उत्तर आलेखावरच आहे. विंडोजमध्ये एमएसआय आफ्टरबर्नर उघडून Ctrl+F दाबलं की तो दिसतो: आडव्या अक्षावर मिलिव्होल्ट, उभ्या अक्षावर मेगाहर्ट्झ, आणि ठिपक्यांची चढती रांग. पॉवर लिमिट कमी केल्यावर कार्ड याच रांगेवरून खाली घसरत येतं. ३०८० च्या मूळ रांगेत ८५० मिलिव्होल्टच्या ठिपक्यावर बहुधा १६५० ते १७५० दरम्यानचा आकडा असतो. म्हणून अडीचशे वॅटची मर्यादा घातलेलं कार्ड १७०० च्या आसपास येऊन थांबतं. आपण मात्र त्याच ८५० वर १८०० मागतो आहोत. तेवढेच वॅट, पण शंभरेक मेगाहर्ट्झ जास्त. पॉवर लिमिटवाल्याने आठ-नऊ टक्के क्लॉक सोडला, अंडरव्होल्टवाल्याने चार.

पण याचा दुसरा अर्थही उघड बोलला पाहिजे, कारण अंडरव्होल्टिंगचे पुरस्कर्ते तो झाकून ठेवतात. ८५० मिलिव्होल्टवर कारखान्याने १७०० ची हमी दिली होती, आपण १८०० घेतले. व्होल्टच्या बाजूने पाहिलं तर ही काटकसर आहे. क्लॉकच्या बाजूने पाहिलं तर कमी व्होल्टेजवर केलेलं ओव्हरक्लॉकिंगच आहे. ‘यात काही बिघडूच शकत नाही’ म्हणणारा म्हणूनच चुकतो. वाढत्या अंगाची जागा आपण काढून घेतली. आता ती जागा खरोखर रिकामी होती का, हे तपासण्याची जबाबदारी कंपनीची नाही, आपली.

आलेख बदलण्याची कृती दहा मिनिटांची आहे. आधी अर्धा तास एखादा गेम चालवून कार्ड तापू द्यावं, कारण एनव्हिडियाचं कार्ड तापमान वाढेल तसा क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरवतं आणि आलेखाचे ठिपकेही त्याबरोबर सरकतात. थंड कार्डावर बसवलेला १८०० चा ठिपका तापल्यावर १७८५ वर सापडला तर नवल नाही. मग Core Clock ची पट्टी अडीचशे-तीनशे मेगाहर्ट्झ खाली नेऊन लागू करायची, म्हणजे सगळी रांग खाली बसते. आता फक्त ८५० चा ठिपका उचलून १८०० वर ठेवायचा आणि पुन्हा लागू करायचं. उजवीकडचे ठिपके आपोआप त्याच उंचीवर सपाट होतात. एखादा वर उरलाच तर तोही खाली आणायचा. रांग सपाट झाली की कार्डाला ८५० च्या वर जाण्याचं कारणच उरत नाही. हा आलेख साठवून ठेवावा, पण संगणक सुरू होताच तो आपोआप लागू होण्याची सोय मात्र तपासणी संपेपर्यंत बंद ठेवावी.

मग तपासणी. थ्रीडीमार्कची ताण-परीक्षा वीस फेऱ्यांची असते आणि फ्रेमची स्थिरता ९७ टक्के असेल तर पास करते. ती पास होणं आवश्यक आहे, पुरेसं मात्र अजिबात नाही. रे-ट्रेसिंगमध्ये चिपचे वेगळे भाग एकाच वेळी कामाला लागतात. दुसरीकडे चार दिवस नीट चाललेलं कार्ड ‘क्वेक २ आरटीएक्स’ किंवा ‘मेट्रो एक्झोडस’च्या नव्या आवृत्तीत पाच मिनिटांत मान टाकतं, असं वारंवार दिसतं. म्हणून तपासणी तिथेच करावी.

बिघाड झाला तर तो व्होल्टेजचा की उष्णतेचा, हे ओळखता येतं. उष्णतेने त्रस्त कार्ड आधी सूचना देतं: पंखे ओरडतात, क्लॉक पायरीपायरीने उतरतो, फ्रेम मंदावतात. व्होल्टेज कमी पडलेलं कार्ड काहीच सांगत नाही. तापमान ६५, क्लॉक १८००, सगळं आलबेल, आणि अचानक पडदा काळा. विंडोज ग्राफिक्स चिपच्या उत्तराची दोन सेकंद वाट पाहतं आणि मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. Event Viewer मध्ये nvlddmkm नावाची नोंद सापडली की समजावं, बहुधा मिलिव्होल्ट कमी पडले. त्यावर आलेखाचे ठिपके सव्वासहा मिलिव्होल्टच्या अंतरावर असतात हे लक्षात ठेवून दोन-चार ठिपके उजवीकडे सरकावं. ८७५ वर १८०० चाललं तरीही सौदा उत्तमच आहे.

याहून फसवा प्रकार म्हणजे कार्ड पडत नाही, पण पळतही नाही. आफ्टरबर्नरमध्ये १८०० दिसत राहतात आणि फ्रेम अपेक्षेपेक्षा कमी येतात. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये GPU Effective Clock नावाची वेगळी ओळ असते, ती पाहावी. ती १८०० च्या ऐवजी १७५० सांगत असेल तर दाखवायचा क्लॉक एक आणि प्रत्यक्ष काम दुसरंच, असं चाललेलं आहे. एकच ठिपका उंच उचलून त्याच्या डावीकडे कडा सोडली की हे जास्त होताना दिसतं. त्याच्या आधीचे ठिपकेही थोडे उचलून चढण सावकाश केली की फरक बराच भरून निघतो. ‘माझं कार्ड ७५० मिलिव्होल्टवर १९०० चालतं’ असे दावे ऐकले की मी आधी ही ओळ विचारतो. बहुतेक वेळा ती पाहिलेलीच नसते.

आणि ३०८० पुरता एक खास धोका. या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी स्वतः जबर तापते आणि ११० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवते. आपण फक्त मुख्य चिपचं व्होल्टेज कमी केलं, मेमरीचं नाही. पण पंख्यांची गती बहुतेक कार्डांवर मुख्य चिपच्या तापमानावर ठरते. चिप थंड झाली म्हणून पंखे मंदावले आणि मेमरीला मिळणारी हवाच कमी झाली, असा उलटा परिणाम होऊ शकतो. सेकंड-हँड कार्डात मेमरीवरचे थर्मल पॅड सुकलेले असतील तर हे हमखास होतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये GPU Memory Junction Temperature शंभराच्या वर रेंगाळत असेल तर पंखे आणखी उतरवू नयेत. तिथे शांततेची मर्यादा मेमरी ठरवते, तुमचे कान नाहीत.

पॉवर लिमिटवाल्यांना म्हणून एक जागा मी बिनशर्त सोडतो. रात्रभर ब्लेंडरमध्ये रेंडर लावून झोपणारा, सकाळी ग्राहकाला फाइल द्यायची असलेला माणूस, यानं आलेखाला हात लावू नये. त्याचं काम तीन वाजता पडलं तर शंभर मेगाहर्ट्झचा फायदा कुठल्या कुठे जातो. त्याने nvidia-smi ची ती एक ओळ चालवावी, आठ टक्के सोडावेत आणि निवांत झोपावं. गेममध्ये पडदा काळा झाला तर फार तर शेवटच्या सेव्हपासून पुन्हा खेळावं लागतं, आणि तेवढी जोखीम बहुतेकांना परवडते.

राहिला एक सल्ला, तो बहुतेकदा वाद हरल्यावर दिला जातो: एवढी उष्णता सोसवत नाही तर छोटं कार्ड घ्यायचं होतं. बरं, घेऊ. त्याच पिढीतलं छोटं कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०७०. त्यात ३०८० च्या ८७०४ कोअरऐवजी ५८८८ आहेत आणि वीजवापर २२० वॅट आहे. म्हणजे अंडरव्होल्ट केलेल्या ३०८० पेक्षा तीस वॅट कमी, आणि फोर-के पडद्यावर तब्बल वीस-पंचवीस टक्के मागे. तीन टक्के सोडले म्हणून माझी कीव करणारे मला वीस टक्के सोडायला सांगताहेत. शिवाय ते ३०७० घेतलं तरी त्याचंही व्होल्टेज मी उतरवणारच.